रात्रीच्या कॅमेऱ्यातले पांढरे फटकारे: कोळी, कीटक आणि खोट्या सूचना थांबवण्याची रीत

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत, वाशाखाली, फाटकाकडे तोंड करून एक बुलेट कॅमेरा बसवलेला आहे. तो जमिनीपासून सुमारे पावणेतीन मीटर उंच आहे आणि फाटक त्याच्यापासून ११ मीटरवर आहे. जूनमधल्या एका रात्री संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात त्याने माझ्या मोबाइलवर हालचाल टिपल्याच्या १३७ सूचना पाठवल्या. सकाळी त्या एकेक करून पाहिल्या तेव्हा त्यांतल्या दोनच खऱ्या निघाल्या. एकीत रात्री उशिरा परतलेला भाऊ होता आणि दुसरीत पहाटेचा दूधवाला. उरलेल्या १३५ चित्रफितींत पांढरे फटकारे, तरंगणारे फुगे आणि एका कोपऱ्यात हलणारा एक जाड पांढरा दोर एवढेच होते. तो दोर म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा होता. ज्याने कॅमेरे बसवून दिले त्याने फोनवर सांगितले, "सेन्सिटिव्हिटी कमी करा, झालं." हा सल्ला सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत आधी तोच दिला जातो. मात्र तो शेवटी अमलात आणायचा असतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आधी कारण नीट समजून घ्यावे

"आयआरच्या प्रकाशाकडे किडे ओढले जातात" असे सर्रास म्हटले जाते, परंतु ते अर्धेच खरे आहे. रात्रीच्या कॅमेऱ्यातले एलईडी बहुधा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजेच आयआर प्रकाश देतात, तर काही कॅमेऱ्यांत ती ९४० नॅनोमीटर असते. बहुतेक कीटकांचे डोळे अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतात. लाल रंगदेखील त्यांतल्या थोड्यांनाच दिसतो आणि अवरक्ताच्या या पट्ट्यापर्यंत त्यांची नजर पोहोचत नाही. कोळ्यांचेही तसेच आहे. म्हणून "९४० नॅनोमीटरचा कॅमेरा घ्या, किडे येणार नाहीत" या सल्ल्यावर पैसे घालवू नयेत. कीटकांना दोन्ही सारखेच अदृश्य असतात, आणि ९४० ला कॅमेऱ्याचा सेन्सर कमी प्रतिसाद देत असल्यामुळे प्रकाशाचा पल्ला मात्र ढोबळमानाने निम्म्यावर येतो.

तर मग किडे तिथे येतात कशामुळे? बहुतेक वेळा जवळच्या दिव्यामुळे. आमच्या कॅमेऱ्यापासून दोन फुटांवर पडवीचा पांढरा एलईडी बल्ब होता आणि खरी जत्रा त्याच्याभोवती भरत असे. त्या किड्यांच्या मागोमाग कोळी येतो. कॅमेऱ्याचा सांगाडा त्याला सोयीचाही असतो, कारण तिथे वरून छप्पर असते, सावलीच्या पत्र्याखाली आडोसा असतो, धागा चिकटवायला कडा असतात आणि विजेमुळे थोडी ऊबही असते. चिलटे आणि डास तर बल्ब नसतानाही हवेत असतातच.

ते कॅमेऱ्याला एवढे मोठे आणि एवढे पांढरे का दिसतात, हा खरा प्रश्न आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते. फाटक ११ मीटरवर आहे आणि चिलट भिंगापासून २० सेंटिमीटरवर उडते आहे असे धरले, तर फाटक ५५ पट दूर आहे, म्हणजे चिलटाच्या अंगावर फाटकापेक्षा साधारण ३,००० पट प्रकाश पडतो. कॅमेऱ्याने फाटक दिसावे म्हणून उजेडाचे गणित बसवलेले असते. त्या गणितात चिलट जळून पांढरे होणारच. शिवाय ते भिंगाच्या फोकसच्या फार अलीकडे असल्यामुळे त्याचा आकार पसरून गोल फुग्यासारखा होतो.

फटकाऱ्याचे कारण शटरमध्ये आहे. रात्री कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी बहुधा १/२५ सेकंद डोळा उघडा ठेवतो. डास सेकंदाला साधारण अर्धा मीटर उडतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो दोन सेंटिमीटर सरकतो. चार मिलिमीटरच्या भिंगाचा, १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र देणारा कॅमेरा सुमारे ८५ अंश पाहतो. त्याच्यापुढे २० सेंटिमीटरवरच्या दोन सेंटिमीटरची चित्रातली लांबी १०० पिक्सेलांच्या वर जाते. जोरात उडणारा पतंग असेल, तर तोच फटकारा चित्राचा चौथा हिस्सा कापत जातो. त्यात पंखांच्या हालचालीचे उंचवटे उमटल्यामुळे तो पिळाच्या दोरीसारखा दिसतो. अशा चित्रांना भूत मानणारे लोकही मला भेटले आहेत. या आकड्यांचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

पहिली पायरी: चित्रफितींची वर्गवारी

हातात फडके घेण्याआधी एका रात्रीच्या सर्व सूचना बसून पाहाव्यात आणि त्यांचे ढीग करावेत. सरळ किंवा वळणदार फटकारा एका-दोन चित्रांत येऊन नाहीसा होत असेल, तर तो उडणारा कीटक आहे. एकाच जागी जाड पांढरी रेघ असेल आणि ती वाऱ्याबरोबर मागेपुढे होत असेल, तर तो जाळ्याचा धागा आहे. मोठा पांढरा किंवा काळपट डाग सावकाश सरकून थांबत असेल, तर कोळी स्वतः भिंगासमोर आला आहे. वरून खाली तिरक्या, एकाच दिशेच्या असंख्य रेघा म्हणजे पाऊस. त्याचा इलाज बराचसा असाच असला, तरी त्याचा हिशोब वेगळा ठेवावा.

एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आजकालच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत Smart IR नावाची सोय असते. चित्रात फार उजळ काही आले की कॅमेरा आपला अवरक्त प्रकाश किंवा उजेड टिपण्याचे प्रमाण आपोआप कमी करतो. भिंगापुढे जाळे असेल, तर कॅमेऱ्याला तो जवळ उभा असलेला माणूस वाटतो. मग प्रकाश घटतो, आणि काल स्वच्छ दिसणारे फाटक आज काळोखात बुडते. फाटक अंधुक दिसू लागले म्हणून कॅमेऱ्याचे एलईडी गेले असे समजून नवा कॅमेरा आणणारे मी पाहिले आहेत. एलईडी चालू आहेत का हे पाहायचे असेल, तर रात्री मोबाइलच्या समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्यातून त्यांच्याकडे पाहावे. बऱ्याच मोबाइलमध्ये ते जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी गाळणी बहुधा अधिक कडक असते, त्यामुळे तिथे काही दिसले नाही म्हणून घाबरू नये.

आमच्या १३५ खोट्या सूचनांपैकी ८० च्या आसपास धाग्याच्या होत्या आणि उरलेल्या उडणाऱ्या किड्यांच्या. ही वर्गवारी महत्त्वाची आहे, कारण धाग्याचा उपाय झाडूत आहे, तर किड्यांचा उपाय दिव्यात आहे.

दुसरी पायरी: साफसफाई, आणि ती का पुरत नाही

दिवसा कॅमेऱ्याचा वीजपुरवठा बंद करून कामाला लागावे. आधी मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने सांगाडा, सावलीच्या पत्र्याची आतली बाजू, कंस आणि तारा जिथे भिंतीत शिरतात ती जागा झाडून घ्यावी. दिसेल तो धागा ओढून उपयोग नाही. धाग्याची टोके जिथे चिकटवलेली असतात ते ठिपके खरवडून काढले पाहिजेत, आणि कोपऱ्यात कापसाच्या गोळीसारखी अंड्यांची पिशवी असेल तर ती आधी काढली पाहिजे. त्यानंतर काचेवर पाण्याचा हलका फवारा मारून धूळ भिजवावी आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने दाब न देता टिपून घ्यावे. कोरड्या काचेवर फडके घासले, तर धुळीतली वाळू सूक्ष्म ओरखडे पाडते, आणि रात्री प्रत्येक ओरखडा अवरक्त प्रकाश पसरवतो. घुमटाच्या आकाराचा कॅमेरा असेल, तर त्याचे पारदर्शक झाकण बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते. त्यासाठी भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घातलेले पाणी पुरेसे असते, थिनर किंवा पेट्रोल मुळीच नको. घुमटाच्या बाबतीत आणखी एक सांगायचे म्हणजे त्याचे एलईडी आणि भिंग एकाच झाकणाआड असतात, त्यामुळे झाकणावरचा बोटाचा तेलकट ठसादेखील रात्री सगळे चित्र दुधट करून टाकतो.

आम्ही हे सगळे नीट केले आणि त्या रात्री सूचना १३७ वरून ६१ वर आल्या. तिसऱ्या रात्री त्या पुन्हा ९० च्या पुढे गेल्या होत्या. याचे कारण कोळ्याच्या स्वभावात आहे. चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि रोज संध्याकाळी नवे विणतात. जाळे मोडणे म्हणजे त्याचे रोजचेच काम आपण करून देणे. त्या कोळ्यालाच काडीवर घेऊन परड्यात लांब नेऊन सोडावे लागते. शिवाय पुढच्या कोळ्याला धागा चिकटवायला सोपी जागा मिळू नये एवढे करता येते. त्यासाठी मी कंसावर आणि पत्र्याच्या बाहेरच्या कडांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. गुळगुळीत, निसरड्या पृष्ठावर धाग्याचा पाया धरत नाही. जाड थर दिला, तर मात्र त्यावर धूळ बसून पंधरा दिवसांत ती खरखरीत होते आणि परिणाम उलटा होतो. भिंगाच्या काचेला ग्रीस लागता कामा नये, हे सांगायला नकोच.

कीटकनाशकाबद्दल थोडे लिहितो, कारण पहिला हात तिकडेच जातो. डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड गटातले औषध भिंतीवर काही आठवडे टिकते आणि कोळ्यांवर चालते. ते कॅमेऱ्याच्या काचेवर उडवू नये, कारण त्यातले द्रावक प्लॅस्टिकला बारीक तडे पाडू शकतात आणि काचेवर तेलकट पापुद्रा बसतो. मारायचेच असेल, तर कॅमेरा पिशवीने झाकून, भोवतालच्या भिंतीवर हातभर रुंदीचा पट्टा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मारावा. ही औषधे माशांना आणि मधमाश्यांना घातक आहेत आणि परमेथ्रिन मांजरांनाही. आमची विहीर पडवीपासून चार पावलांवर आहे आणि घरात दोन मांजरे आहेत, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही. पुदिन्याचे किंवा निलगिरीचे तेल लावणारेही आहेत. त्याचा वास उडाला की उपाय संपतो, आणि पावसाळ्यात वास दोन दिवस टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: पडवीचा बल्ब

कॅमेऱ्यापासून दोन फुटांवरचा दिवा आम्ही पडवीच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे सहा मीटरवर नेला आणि तिथे पांढऱ्याऐवजी पिवळसर, २७०० केल्विनचा बल्ब लावला. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा वाटा जास्त असतो आणि कीटकांना तोच अधिक दिसतो. पिवळ्या बल्बवर किडे येतच नाहीत असे नाही, कमी येतात. दिव्यापासूनचे अंतर हाच यातला मोठा भाग आहे. दिवा आणि कॅमेरा एकाच भिंतीवर हाताच्या अंतरात असू नयेत, एवढा नियम पाळला तरी बरेच काम होते. ज्यांना जागा बदलणे शक्य नाही त्यांनी तो बल्ब रात्री अकरानंतर बंद ठेवावा, किंवा माणूस आल्यावरच लागणारा सेन्सरचा दिवा बसवावा.

या बदलाचा एक लाभ माझ्या ध्यानात आधी आला नव्हता. बल्बाबरोबर पालीही स्थलांतर करून गेल्या. पूर्वी त्या कॅमेऱ्याच्या पत्र्यावर दबा धरून बसत आणि काचेवरून फिरत, आणि प्रत्येक फेरीला मला एक सूचना येई. बल्ब हलवल्यानंतरच्या आठवड्यात सूचना रात्रीला चाळीसच्या आसपास आल्या.

चौथी पायरी: प्रकाश भिंगापासून दूर नेणे

या लेखातला मुख्य उपाय हा आहे. अडचण भिंगापुढच्या अर्ध्या मीटरच्या जागेत आहे. तिथे प्रकाशच पडला नाही, तर तिथला कीटक कितीही मोठा असला तरी काळोखात काळाच राहील. म्हणून कॅमेऱ्यातले एलईडी बंद करून वेगळा अवरक्त दिवा लांब बसवायचा. बाजारात त्याला आयआर इल्युमिनेटर म्हणतात. तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि प्रकाशझोताच्या कोनानुसार मिळतो. तरंगलांबी कॅमेऱ्याला मानवणारी, म्हणजे ८५० नॅनोमीटरच घ्यावी.

आम्ही ६० अंशांचा दिवा घेऊन पडवीच्या खांबावर, कॅमेऱ्यापासून तीन मीटर बाजूला बसवला आणि त्याचे तोंड फाटकाच्या मध्याकडे, म्हणजे साधारण १५ अंश आत वळवले. आता हिशोब करून पाहू. झोताची आतली कड मध्यरेषेपासून ३० अंश आत आणि दिवा स्वतः १५ अंश आत वळलेला, म्हणून ती कड सरळ रेषेशी ४५ अंशांचा कोन करते. तीन मीटर बाजूला असलेल्या दिव्याची ती कड कॅमेऱ्याच्या समोरच्या रेषेला सुमारे तीन मीटरवर पोहोचते. त्याच्या अलीकडे, निदान चित्राच्या मध्यभागी, थेट प्रकाश नाही. दिव्याच्या बाजूच्या कडेला तो थोडा लवकर, दीड मीटरच्या आसपास पोहोचतो. तीन मीटरवर एक सेंटिमीटरचा कीटक चित्रात जेमतेम तीन-चार पिक्सेल व्यापतो. २० सेंटिमीटरवर तोच पन्नासहून अधिक पिक्सेल व्यापत होता आणि वर फाटकापेक्षा ३,००० पट उजळत होता. हिशोबात हा फरक आला तेव्हाच मला उपायाचा भरवसा वाटला.

दिव्यावर कोळी जाळे विणेल का? विणेल, आणि आमच्याकडे विणलेही. पण तिथे धागा चमकला तरी कॅमेऱ्याला तो दिसत नाही. प्रकाश किंचित घटतो, इतकेच.

हे बसवताना चार ठिकाणी गाडी अडते. पहिली अडचण विजेची. कॅमेऱ्याचे चित्र आणि वीज दोन्ही नेणाऱ्या थ्री-प्लस-वन केबलमधली तांब्याची तार बारीक असते. समजा ती ०.२५ चौरस मिलिमीटरची आहे, दिवा एक अँपिअर घेतो आणि तार २० मीटर लांब आहे. जाऊन-येऊन ४० मीटर तारेत सुमारे २.८ व्होल्ट गळतात आणि दिव्याला १२ ऐवजी ९ च्या आसपास मिळतात. दिवा मिणमिणतो आणि आपण त्याच्या कंपनीला बोल लावतो. म्हणून दिव्याला जवळच्या प्लगवरून स्वतंत्र १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर द्यावा आणि जोड पाणी न शिरणाऱ्या डब्यात घ्यावा.

दुसरी अडचण दिव्यावरच्या प्रकाशसंवेदकाची. अंधार झाला की दिवा स्वतः लागावा यासाठी तो असतो. त्याच्यावर पडवीच्या बल्बचा उजेड पडत असेल, तर दिव्याला रात्र झाल्याचे कळतच नाही. आमचा दिवा पहिल्या दिवशी याच कारणाने लागला नव्हता. खांबाच्या दुसऱ्या बाजूला सरकवल्यावर लागला.

तिसरी अडचण जरा किचकट आहे. रात्री कॅमेरा भिंगामागची अवरक्त अडवणारी गाळणी बाजूला करून कृष्णधवल होतो. एलईडी बंद केल्यावर काही कॅमेरे ही गाळणी बाजूला करीतच नाहीत आणि चित्र काळेकुट्ट राहते. काही कॅमेरे याच्या उलट करतात. बाहेरच्या दिव्यामुळे चित्र उजळ झाले की त्यांना दिवस उजाडल्यासारखे वाटते, ते गाळणी पुढे आणतात, चित्र काळे होते, मग पुन्हा बाजूला करतात. कॅमेऱ्यातून थोड्या-थोड्या वेळाने टक-टक आवाज येत असेल, तर हेच चालले आहे असे समजावे. यावर उपाय म्हणजे सेटिंगमधल्या Day/Night या भागात Auto ऐवजी वेळेनुसार बदल ठेवणे. आम्ही संध्याकाळी सात ते सकाळी सहा अशी वेळ दिली. हिवाळ्यात ती बदलावी लागते.

चौथी अडचण स्वस्त कॅमेऱ्यांची, ज्यांत एलईडी बंद करण्याची सोयच नसते. तिथे एलईडी झाकावे लागतात. काळी प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावू नये. डोळ्यांना काळी दिसणारी काही प्लॅस्टिके अवरक्त प्रकाश बिनदिक्कत जाऊ देतात. अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लहान तुकड्यांत कापून फक्त एलईडींवर लावावी. भिंगाभोवतीची कड आणि कॅमेऱ्याचा प्रकाशसंवेदक मोकळा ठेवावा.

याची किंमतही सांगितली पाहिजे. आमचा कॅमेरा ८५ अंश पाहतो आणि दिवा ६० अंशच उजळतो. त्यामुळे फाटक आणि त्याच्या दोन्ही अंगांचा गडगा स्वच्छ दिसतो, परंतु चित्राच्या दोन्ही कडा पूर्वीपेक्षा काळ्या झाल्या. आम्हाला फाटकच महत्त्वाचे असल्यामुळे ते चालले. ज्यांना सगळी रुंदी हवी त्यांनी ९० अंशांचा दिवा घ्यावा आणि पल्ला घटेल हे धरून चालावे. दिवा चालू असताना हातभर अंतरावरून त्यात टक लावून पाहू नये. प्रकाश दिसत नसल्यामुळे डोळा मिटत नाही.

त्या रात्रीपासून सूचना सरासरी नऊवर आल्या.

पाचवी पायरी: आता सेटिंग

सेन्सिटिव्हिटी कमी करणे शेवटी का, ते आता स्पष्ट होईल. साधी हालचाल ओळखणारी पद्धत चित्रातले किती पिक्सेल बदलले एवढेच मोजते. भिंगाजवळचे चिलट हजारो पिक्सेल बदलते, तर फाटकापाशी उभा असलेला माणूस त्याहून फार जास्त बदलत नाही. त्यामुळे चिलट गप्प होईपर्यंत Sensitivity खाली आणली, तर माणूसही गप्प होतो. जवळचे कीटक आधी काळोखात टाकले, की मग ती थोडी कमी करायला वाव मिळतो.

कॅमेऱ्यात Human आणि Vehicle अशी निवड असेल तर ती चालू करावी आणि सूचना फक्त त्यांवरच ठेवावी. शक्य असेल तिथे लहानात लहान लक्ष्याचा आकारही ठरवून द्यावा. त्यासाठी घरातल्या एका माणसाला फाटकाशी उभे करून पडद्यावर त्याच्याभोवती चौकट आखावी आणि तिच्या निम्म्या उंचीपेक्षा लहान काही धरू नये असे सांगावे. आकाश, झाडांचे शेंडे आणि पत्र्याची कड दिसणारा वरचा भाग हालचालीच्या क्षेत्रातून वगळावा. शटर १/२५ वरून १/५० केले, तर फटकारे निम्मे होतात, पण चित्रही निम्मे काळवंडते. आमच्या दिव्याला ते झेपले नाही, म्हणून मी ते परत पूर्ववत केले.

माणूस ओळखण्याच्या या पद्धतीवर डोळे मिटून विसंबू नये. कोकणात पावसाळ्यात माणूस छत्रीखाली किंवा इरले पांघरून येतो, आणि तसा आकार कॅमेऱ्याला माणसासारखा वाटेलच असे नाही. सेटिंग झाल्यावर मी भावाला रात्री तीनदा फाटकातून आत यायला लावले: एकदा साधा, एकदा छत्री घेऊन, एकदा गडग्याच्या कडेने वाकून. साध्या चालण्याला आणि छत्रीला सूचना आली, वाकून येण्याला आली नाही. त्या बाजूची मर्यादा थोडी सैल केल्यावर तीही आली. ही चाचणी रात्रीच आणि पाऊस पडत असतानाही एकदा करावी. दुसरे असे की माणूस-वाहनाची ही निवड सूचनांना लावावी, चित्रमुद्रणाला नव्हे. हार्ड डिस्कवर सलग मुद्रण चालू राहिले, तर कॅमेऱ्याने जे माणूस म्हणून ओळखले नाही तेही नंतर पाहता येते.

आता आम्हाला रात्रीला तीन-चार सूचना येतात आणि त्यांतली एखादीच खोटी असते. ही मोजणी प्रयोगशाळेतली नाही. पावसाची रात्र आणि कोरडी रात्र यांत फरक पडतोच, आणि सगळे बदल एकाच पावसाळ्यातले आहेत. तरीही कोणत्या पायरीने किती कमी झाले याचा क्रम माझ्या घरी तरी स्पष्ट दिसला. दर शनिवारी लांब काठीला बांधलेल्या ब्रशने मी पत्र्याखालून एक हात फिरवतो. आठ महिन्यांत अंड्यांची पिशवी दोनदा सापडली, आणि दोन्ही वेळा दसऱ्याच्या आसपास.

एका रात्रीवर मात्र यातला कुठलाच उपाय चालत नाही. पहिल्या दमदार पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीची पाखरे बाहेर पडतात, तेव्हा हवेत त्यांचा सडाच असतो आणि ती तीन मीटरच्या पलीकडेही इतकी दाट असतात की सगळे चित्रच हलत राहते. त्या वेळी आम्ही पडवीचा बल्ब विझवतो, दारे लावून घेतो आणि त्या तासाभरासाठी मोबाइलवरच्या सूचना बंद ठेवतो. मुद्रण चालूच असते. पाखरे पंख गाळून खाली बसली की सूचना पुन्हा सुरू करायच्या, आणि सकाळी कॅमेऱ्याच्या काचेला चिकटलेले पंख पाण्याचा हलका फवारा मारून काढायचे.